दुरुस्त केलेल्या चुका

पुण्यात येमेन, सुदान, इराकहून शिकायला आणि उपचाराला येणाऱ्या लोकांची कागदपत्रं मी कित्येक वर्षं अरबीत करून देते आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, कॉलेजचे दाखले, असलंच सगळं. मूळ कागदावरचं इंग्रजी कितीही मोडकंतोडकं असो, माझं अरबी स्वच्छच उतरलं पाहिजे, असा माझा बाणा होता. स्पेलिंग चुकलेलं असलं तर गुपचूप सुधारायचं, वाक्य अर्धवट असलं तर पुरं करायचं. यालाच मी कसब समजत होते. आता तसं समजत नाही. मत का बदललं ते लिहायला हवं, कारण त्यात एका भल्या माणसाचे पैसे गेले आणि त्यात माझा हात होता.

आमच्या सोसायटीत एक येमेनी विद्यार्थी राहतो. मला खाला म्हणतो. त्याचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सनाहून आले होते. एका दुपारी मुलगा परीक्षेला गेलेला, त्याच्या बँकखात्याला जोडलेला फोन घरी वडिलांपाशी. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी मेसेजचा स्क्रीनशॉट काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि विचारलं, ‘उस्ताज़ा, बँक काय म्हणते आहे?’ मेसेज असा होता (बँकेचं नाव, पत्ता आणि नंबर मी इथे बदलले आहेत):

```
Dear Costumer, your Benk A/C will be BLOCK
today night 9.30pm. Update PAN immediatly
https://yourbank.in-kyc.example/update
Call +91 00000 12345
```

मी पोळ्या लाटत होते. हात पुसले आणि पाच मिनिटांत अरबी करून पाठवलं. ‘सन्माननीय ग्राहक, आपणांस कळविण्यात येते की आपले खाते आज रात्री साडेनऊ वाजता बंद करण्यात येईल...’ या थाटाचं. खाली पत्ता आणि फोन नंबर जसेच्या तसे टाईप केले. मेसेज खोटा वाटतो हे मला दिसलं होतं. म्हणून शेवटी एक ओळ जोडली, ‘मुलगा आला की त्याला दाखवा.’ माझ्या दृष्टीने विषय संपला.

मुलगा घरी आला तोवर खात्यातून ३८,५०० रुपये गेले होते. त्याने लगेच १९३० वर तक्रार नोंदवली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. वडील मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुमच्या अरबीत कुठे खोट दिसली नाही. बँकेचंच पत्र वाटलं.’ आणि फोन पुढे केला. माझ्या मेसेजमधली पत्त्याची ओळ निळी झालेली होती, खाली रेघ. तिच्यावरच त्यांनी बोट टेकवलं होतं. उघडलेल्या पानावर कार्डचा नंबर भरला, मग फोनवर ओटीपी आला तोही भरला. ओटीपी कुणाला सांगू नका, ही सूचना त्या मेसेजात होती, पण इंग्रजीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. चित्रावर नुसतं बोट टेकवून लिंक उघडत नाही. म्हणजे ठगाने टाकलेला गळ स्क्रीनशॉट काढताना आपोआप बोथट झाला होता आणि मी त्याला पुन्हा धार लावून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मूळ मेसेज आणि माझं भाषांतर शेजारी शेजारी ठेवून एकेक शब्द तपासला. इंग्रजीत संशयाच्या जेवढ्या खुणा होत्या, तेवढ्या मी पुसून टाकल्या होत्या. काही माझ्या सवयीने पुसल्या होत्या आणि काही लिपीने. `BLOCK` मधली मोठी अक्षरं घ्या. अरबीला आपल्या देवनागरीसारखीच मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे तो आरडाओरडा तिथे मुका होतो. `Benk` तर आणखी वाईट. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. बँक म्हणजे ब, न, क ही तीन अक्षरं. मूळ स्पेलिंग बरोबर असो की चूक, अरबीत दोन्ही तंतोतंत सारखीच दिसतात. त्यात अरबीला ‘प’ नाही, पॅनचं ‘बान’ होतं. एखाद्या ठगाने कंपनीच्या नावात `p` च्या जागी `b` घातला असेल, तर अरबी अक्षरांत तो फरक शोधूनही सापडणार नाही.

फोन नंबरची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. अरबी मजकुरामागून नंबर आला आणि त्यात मोकळ्या जागा असल्या, तर प्रत्येक गट आतून सरळ राहतो, पण गटांची रांग उलटी लागते. मी टाईप केला होता `+91 00000 12345`. त्यांच्या फोनवर दिसत होता `12345 00000 91+`. अधिकचं चिन्ह आणि ९१ शेपटाला गेल्यामुळे हा कुणाचा तरी साधा मोबाईल नंबर आहे, हे ओळखू येईना. बरं झालं, मी आकडे तरी बदलले नव्हते. येमेनमध्ये चालणाऱ्या अरबी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो आणि पाच म्हणजे आपल्या शून्यासारखं गोल. ते अंक घातले असते तर मुलाला तो नंबर तक्रारीत उतरवून घेतानाही घोळ झाला असता.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, की मूळ अशुद्ध असेल तर अरबीही अशुद्धच करायचं. पुढच्या महिन्यात एका सुदानी मुलाने असाच मेसेज आणला, तेव्हा मी मुद्दाम लिंग-वचनाच्या चुका घातल्या, क्रियापदं मोडली. त्याने वाचलं आणि अदबीने माझं व्याकरण दुरुस्त करून मलाच परत पाठवलं. त्याचा संशय मेसेजवर गेलाच नाही. तो माझ्या अरबीवर गेला. भाषांतरातली चूक वाचणारा भाषांतर करणाऱ्याच्या पदरात घालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

उपाय माझ्या शिक्षणातच होता. जुन्या हस्तलिखितांच्या छापील आवृत्त्यांत संपादकाला मूळ प्रतीतली चूक जशीच्या तशी ठेवायची असते, तेव्हा तो तळटीपेत लिहितो, ‘कज़ा फ़िल्-अस्ल’, मुळात असंच आहे. हे मी कॉलेजात मुलांना शिकवलं होतं. बँकेच्या मेसेजला ते लावावं, असं मात्र मनात आलं नव्हतं.

आता असा स्क्रीनशॉट आला की आधी मी तो परत मागवते, वरच्या पट्टीसकट. लोक मजकुरापुरता भाग कापून पाठवतात आणि नेमकी पाठवणाऱ्याची जागा कापली जाते. आपल्याकडे बँकेचे एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नावावरून येतात, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. `-T` म्हणजे व्यवहार, `-S` सेवा, `-P` जाहिरात, `-G` सरकारी. इंग्रजी न येणाऱ्यालाही ही खूण नुसत्या आकारावरून ओळखता येते, म्हणून सगळ्या खुणांत ती आधी सांगायची.

भाषांतराची पहिली ओळ आता ठरलेली आहे, ‘हा एका संशयास्पद मेसेजचा तर्जुमा आहे, यातलं काही दाबू नका.’ पूर्वी मी सावधगिरीची ओळ शेवटी घालत होते. घाबरलेला माणूस शेवटपर्यंत वाचत नाही. त्यानंतर साधं, शुद्ध अरबी, पण थाट न चढवता. ‘तुझं खातं आज रात्री बंद’ एवढंच. ‘कळविण्यात येते की’ हा सरकारी साज माझा होता, ठगाचा नव्हता. चुकलेला शब्द इंग्रजी अक्षरांतच ठेवते, पुढे ‘कज़ा’, आणि एका वाक्यात काय चुकलं ते. फोन नंबर स्वतंत्र ओळीवर, मध्ये जागा न सोडता. पत्ता टाईप करावाच लागला तर आधी निकामी करून, असा:

```
hxxps://yourbank[.]in-kyc[.]example/update
```

अशी ओळ निळी होत नाही. शक्य असेल तेव्हा तेही करत नाही. मूळ चित्रावरच लाल आकडे टाकते आणि खाली त्या त्या आकड्याचं अरबी स्पष्टीकरण देते.

पत्ता वाचायला शिकवताना मला एक गोष्ट सापडली, तिचा मला मनापासून आनंद झाला. आपल्यासारखा डावीकडून वाचणारा माणूस `yourbank.in` इथेच फसतो, कारण ओळखीचं नाव आधी येतं. खरा मालक ओळखायचा तर `https://` सोडून पुढची पहिली तिरकी रेघ गाठायची आणि तिथून डावीकडे यायचं. आधी `example`, मग `in-kyc`. मालक तिथेच कळला. `yourbank` ही नुसती पुढे लावलेली पाटी. अरबी वाचणाऱ्याच्या डोळ्याला डावीकडे जायची सवयच असते. वडिलांना मी हे कागदावर दाखवलं तेव्हा त्यांना आपल्या लोकांपेक्षा लवकर समजलं. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत देऊन बँकांना `.bank.in` वर यायला सांगितलं, तेव्हा तर काम आणखी सोपं झालं. रेघेपासून डावीकडे येताना आधी `in`, मग `bank`, मग बँकेचं नाव, हा क्रम जुळला पाहिजे.

यातल्या सगळ्या खुणांना मी सारखा भाव देत नाही. ‘प्रिय ग्राहक’ ही सुरुवात संशयाची म्हणतात, पण ‘अझीझी अल्-अमील’ अशी सुरुवात खऱ्या अरबी बँकाही करतात, तेव्हा तिच्यावर मी टीप देत नाही. स्पेलिंगच्या चुका दिसल्या तर सांगते, पण हल्ली फसवे मेसेज बिनचूकही येतात. चूक नाही म्हणून मेसेज खरा, असं वाचणाऱ्याला वाटायला नको. पत्ता कुणाचा आणि मागतात काय, या दोन गोष्टींवर मात्र मी प्रत्येक वेळी थांबते.

वडील सनाला परत गेले. जाण्याआधी त्यांनी मला आणखी एक स्क्रीनशॉट पाठवला, पूर्ण, वरच्या पट्टीसकट. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी `-S` होतं, लिंक कुठेच नव्हती, माहितीही मागितली नव्हती. तरी मी भाषांतराच्या वर लिहिलं, की यात संशयाचं काही दिसत नाही, पण खात्री करायची तर कार्डाच्या पाठीवर छापलेल्या नंबरावर मुलाला फोन करू द्या. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘तो आधीच करतो आहे.’