चाल कुणाची?

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ओळखीतल्या घरांमधून पटाचे फोटो मला जास्त येऊ लागले. खाली एवढंच लिहिलेलं असतं, ‘काका, इथे काय खेळू?’ चाल कुणाची, हे मात्र नसतं. पटासमोर बसलेल्या मुलाला ते इतकं उघड असतं, की सांगायचं सुचतच नाही.

अशा एका फोटोत मोहरे तीनच होते. पांढरा राजा ई-५ वर, त्याच्या पाठीशी ई-४ वर पांढरं प्यादं, आणि समोर एक घर सोडून ई-७ वर काळा राजा. चाल काळ्याची असेल, तर पांढरा जिंकतो. काळ्या राजाला हलावंच लागतं. तो डी-७ वर सरकला की पांढरा राजा एफ-६ वर शिरतो आणि प्याद्याला वजीर होईपर्यंत वाट मोकळी करून देतो. पण चाल पांढऱ्याची असेल, तर प्याद्याची वाट त्याच्याच राजाने अडवलेली आहे, त्यामुळे हलावं लागतं ते राजालाच. तो डी-५ वर गेला की काळा डी-७ वर येऊन पुन्हा समोर ठाकतो, आणि काळा चुकला नाही तर डाव बरोबरीत सुटतो.

चाल कुणाची हे फोटोतूनच कळेल का? एखादा राजा शहात असता, तर चाल नक्की त्याचीच. इथे शह नाही. घड्याळ दिसत असेल तर ज्याच्या बाजूची कळ खाली गेलेली, त्याची खेळी झालेली. नोंदीच्या कागदावर शेवटच्या ओळीत पांढऱ्याचीच खेळी असेल, तर पाळी काळ्याची. मोहऱ्यांच्या जागांवरून खेळ्या मोजायला जाऊ नये. राजा त्याच घरात दोन खेळ्यांत पोहोचतो आणि तीन खेळ्यांतही.

त्याआधी फोटो कुठल्या बाजूने काढलाय, हे पाहायला हवं. उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं असावं, ही खूण इथे पुरत नाही. काळ्याच्या बाजूने बसलं तरी ते पांढरंच असतं. पटावर अक्षरं नसतील आणि हाच पट उलटा वाचला, तर प्यादं डी-५ वर राजाच्या पुढे निघालेलं दिसतं, काळा राजा डी-२ वर मागे राहिलेला. मग चाल कुणाचीही असो, प्यादं वजीर होतं. उत्तर सोपं, आणि साफ चुकीचं.

म्हणून मी आधी विचारतो, ‘तू कुठल्या बाजूला बसलास, आणि आत्ता कोण खेळलं?’ उत्तराला वेळ लागणार असेल, तर दोन्ही लिहून पाठवतो. पांढऱ्याची चाल असेल तर राजा डी-५ वर, समोरच्याच्या चुकीची वाट पाहत. काळ्याची असेल तर काळ्याकडे वाचवणारी खेळीच नाही.