रविवारी दुखत नाही, म्हणून बहाणा नव्हे

जठारपेठ, अकोला



भाऊ, तुमची चिठ्ठी मिळाली. "पोरगी रविवारी शेतात उड्या मारते आणि सोमवारी वर्गात डोकं-पोट धरून बसते. बहाणाच आहे. असंच चाललं तर दिवाळीनंतर घरीच ठेवतो," असं तुम्ही लिहिलंत. घरी ठेवण्याआधी माझी वही एकदा पाहा.

गेले चार आठवडे तिची प्रत्येक तक्रार मी वेळेसह टिपून ठेवली आहे. चोवीस दिवस शाळा भरली, त्यात तिने अकरा वेळा सांगितलं. त्यातल्या नऊ वेळा डोकं दुखलं ते नऊ ते दहाच्या दरम्यान, म्हणजे मधल्या सुट्टीच्या आधी. डबा खाल्ला की अर्ध्या-पाऊण तासात डोकं थांबतं. पोटाचं मात्र उलट आहे. डबा खाल्ल्यावरच बेंबीभोवती कळ येते. बहाणा करणाऱ्या लेकराला असं घड्याळ पाळता येत नाही.

पहिल्यांदा मला डोळ्यांची शंका आली. एकेक डोळा झाकून शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावला, तिने दोन्ही डोळ्यांनी नीट वाचला. मग विचारलं, "सकाळी काय खाऊन येतेस?" म्हणाली, "चहा." सहाची एस.टी. गाठायची म्हणजे रात्रीच्या जेवणापासून दहाच्या डब्यापर्यंत चौदा तास पोट रिकामं. पाण्याची बाटली तर भरलेली येते आणि भरलेलीच परत जाते. दोन दिवस मी तिला प्रार्थनेआधी शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि पेलाभर पाणी दिलं. त्या दोन्ही दिवशी डोकं दुखलं नाही.

पाणी ती का पीत नाही, हे शाळेतल्या मावशींनी हळूच विचारलं तेव्हा कळलं. मुलींच्या संडासाची कडी लागत नव्हती, म्हणून ती तिकडे जातच नव्हती. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून पाणीच बंद. घरी सकाळी घाई, म्हणून तिथेही राहून जातं. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, आणि होतं तेव्हा शेळीच्या लेंड्यांसारखं कडक. जेवल्यावर आतडी हलू लागतात, साचलेला मळ पुढे सरकत नाही, म्हणून कळ येते. रविवारी ती आठला न्याहारी करते, तहान लागली की पाणी पिते, निवांत परसाकडे जाते. म्हणून रविवारी दुखत नाही. तुम्ही ज्याला बहाण्याचा पुरावा म्हणता, तोच दुखण्याचा पत्ता आहे.

कडी आम्ही बसवली. आता घरचं काम तुमचं.

वहिनी, निघण्यापूर्वी चहाबरोबर अर्धी भाकर किंवा मूठभर दाणे-गूळ तिच्या पोटात जाऊ द्या. दिवसभरात सात-आठ पेले पाणी व्हावं, उन्हाच्या दिवसांत त्याहून जास्त. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं तिला संडासात निवांत बसवा. होवो न होवो, रागवू नका. रोज त्याच वेळी बसवलं की सवय लागते. भाजी, वरण, पेरू, केळं खायला द्या. मळ फार साचला असेल तर एवढ्याने भागत नाही. डॉक्टर मळ मऊ करणारं औषध देतात, आणि ते काही आठवडे चालवावं लागतं. दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून सोडलं की दुखणं परत येतं. जंताची गोळी घेतली होती का, तेही त्यांना सांगा. पाळी सुरू होण्याचं वय आहे, तेव्हा त्याबद्दलही तिच्याशी बोलून ठेवा.

किराणा दुकानातली डोकेदुखीची गोळी मात्र देऊ नका. काही गोळ्यांत ॲस्पिरिन असतं, ते लेकरांना चालत नाही. आणि कोणतीही वेदनेची गोळी वरचेवर घेतली तर तिनेच डोकं दुखू लागतं.

काही खुणा दिसल्या तर माझ्या वहीवर विसंबू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटदुखीने रात्री झोपमोड होणं, दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकणं, शौचात रक्त, वजन उतरणं, ताप, वारंवार उलट्या. डोक्याच्या बाबतीत पहाटे उठताच दुखणं आणि उलटी, मान ताठणं, अंधुक किंवा दुहेरी दिसणं. आजवर तिच्यात यांतलं काही मला दिसलेलं नाही.

भाऊ, महिनाभर घरीही एक वही ठेवा. काय खाल्लं, केव्हा दुखलं, पोट साफ झालं का, एवढंच लिहा. दोन्ही वह्या घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. तोवर तिचं नाव शाळेच्या पटावर राहू द्या.

तुमची,
वर्गशिक्षिका