सुनेचे स्वतंत्र खाते

सांगलीतील एका धान्य व्यापाऱ्याची सून कंदमुळांविना स्वयंपाकाची यूट्यूब वाहिनी चालवते. जाहिरातींची रक्कम तिच्या बचत खात्यात येई आणि घरखर्चात मिसळून जाई. वर्षअखेरीस कॅमेऱ्याचा खर्च कोणता आणि भाजीचा कोणता, हे सांगता येईना. सासरे म्हणाले, "पेढीच्या खात्यात घे." तिने नम्रपणे नकार दिला, आणि तो योग्यच होता, पेढीत जमा झालेली रक्कम पुढे तिचे उत्पन्न म्हणून दाखवणे अवघड झाले असते.

आधार व पॅनवर तिने सरकारी संकेतस्थळावर उद्यम नोंदणी केली. तिला शुल्क नसते. पैसे मागणारी संकेतस्थळे मध्यस्थांची. चालू खाते उघडताना बँकेने उद्यम प्रमाणपत्रासोबत व्यवसायाच्या नावाचा दुसरा पुरावा मागितला, तेव्हा गुमास्ता नोंदणी उपयोगी पडली. वाहिनीच्या आकर्षक नावाचा मोह टाळून तिने व्यवसायालाही स्वतःचेच नाव दिले होते. ॲडसेन्समधील नाव खातेदाराच्या नावाशी जुळले नाही, तर परदेशातून आलेली रक्कम परत जाऊ शकते.

पहिली रक्कम येताच बँकेने तिचे प्रयोजन विचारले. तिने जाहिरातीचे उत्पन्न असे लिहून दिले व विदेशी जमेचे पत्र मागून घेतले. सासरे ते पेढीच्या चोपड्यांशेजारी, पण वेगळ्या फायलीत ठेवतात.