दिवाळीचं श्रेय

आमच्या खात्यात नव्याने आलेल्या मुलीने अर्धा किलो चिवड्याच्या पाकिटाची इलॅस्टिसिटी काढली: उणे ६.६. म्हणजे भाव एक टक्का वाढवला तर खप साडेसहा टक्क्यांनी पडणार. गणित चोख होतं, लॉग दोन्ही बाजूंना घेतलेले, आलेखावर ठिपके रेषेला धरून बसलेले. मी म्हटलं, "हा आकडा चिवड्याचा नाही, दिवाळीचा आहे." तिला ते पटलं नाही, आणि तिला पटवायला गेल्यामुळे इतकी वर्षं हाताच्या सवयीने जे करत होतो ते मला पहिल्यांदाच शब्दांत मांडावं लागलं.

अडचण एकच आहे आणि ती काही केल्या सुटत नाही. जुन्या विक्रीत भाव आपोआप बदललेला नसतो, कुणीतरी तो बदललेला असतो. आणि बदलणारा वेडा नसतो. विक्री होणार हे ठाऊक असतं म्हणूनच सेल्सवाले दिवाळीत स्कीम लावतात. मग भाव उतरलेला दिसतो, खप चढलेला दिसतो, आणि यंत्र भोळेपणाने सगळं श्रेय भावाला देतं.

आकडे सोपे करून सांगतो. एका तालुक्यात १२० चं पाकीट दिवाळीत १०८ ला दिलं, महिन्याचा खप १००० पेट्यांवरून २००० वर गेला. यातूनच ते उणे ६.६ निघतं. पण एरवी तितकाच खप असलेल्या दुसऱ्या एका तालुक्यात वितरकाशी हिशोबाचं भांडण चालू असल्यामुळे स्कीम पोचलीच नव्हती. तिथे भाव १२० च राहिला आणि खप झाला १७५०. म्हणजे साडेसातशे पेट्या सणाने विकल्या, सवलतीने फक्त अडीचशे. इलॅस्टिसिटी उतरली उणे १.३ वर. पुढचा महिना पाहिला तर स्कीमच्या तालुक्यात खप ८०० वर आलेला, दुसरीकडे ९०० वर. लोकांनी स्वस्तात मिळालं म्हणून डबे भरून ठेवले होते. त्या शंभर पेट्या नव्या नव्हत्याच, उसन्या होत्या. त्या वजा केल्या की उरतं उणे ०.८.

हा काही शास्त्रीय कीस नाही. पाकिटामागे आमचा खर्च ८४. भाव १२६ केला तर नफा ३६ चा ४२ होतो, म्हणजे खप चौदा टक्के पडला तरी आम्ही जिथल्या तिथे. उणे ६.६ धरलं तर खप सत्तावीस टक्क्यांनी पडेल, भाव वाढवू नका. उणे ०.८ धरलं तर चार टक्के, बेलाशक वाढवा. एकच फाइल, दोन उलटे निर्णय.

माझं सगळं कसब, खरं तर, अशी भांडणं शोधण्यात आहे. गाडी अडकली, डेपोने चुकून जुनाच भाव लावला, छापखान्यातून पाकिटं उशिरा आली. गिऱ्हाइकाच्या मनाशी ज्याचा काही संबंध नाही अशा कारणाने जेव्हा भाव बदलतो, तेव्हाच तो भाव काही शिकवतो. फिलिप राइटने हे १९२८ सालीच, तेलांवरच्या आयातकराच्या पुस्तकाच्या परिशिष्टात लिहून ठेवलं: मागणी शोधायची तर पुरवठ्यालाच हलवणारी गोष्ट धरा. कंपनीत ही युक्ती मला एकट्यालाच येते असा माझा समज होता, आणि तो मी जपलाही. अशा एखाद्या तालुक्याची आठवण मीटिंगमध्ये अगदी शेवटी काढायची, सगळ्यांचे आकडे मांडून झाल्यावर, ही माझी जुनी खोड. सल्लागार कंपन्यांची पोरं दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा देतात तेव्हा मला अजून गुदगुल्या होतात.

परवा त्या नव्या मुलीनेच मला पेचात टाकलं. म्हणाली, "सर, मग २०२५ चा जीएसटी घ्या ना. फरसाणावरचा कर १२ वरून ५ वर आला, ते काही आपण ठरवलं नव्हतं." हुशार आहे. पण तो कर २२ सप्टेंबरला उतरला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. घोषणा ३ सप्टेंबरची, त्यामुळे मधले तीन आठवडे दुकानदार माल उचलायलाच तयार नव्हते. नंतरची उसळी बरीचशी त्यातलीच. शिवाय भाव सगळ्यांचेच उतरले. त्यातून फरसाण एकूण किती जास्त खपेल याचा अंदाज येईल, आमचं एकट्याचं पाकीट महागलं तर गिऱ्हाईक शेजारचं उचलेल का, हे त्यात नाहीच.

आणि माझ्या त्या लाडक्या तालुक्याबद्दलही तिने विचारलं: ज्या वितरकाशी भांडण, तो माल तरी नीट पोचवत होता का? दुकानात पाकीटच नसेल तर १७५० हा खप नव्हे, तो साठा. खरी मागणी त्याहून जास्त असेल, आणि मग सवलतीचं श्रेय आणखी घटेल. तिने दुकानांची बिलं मागवली आहेत, वितरकाची नाहीत. बरोबर केलं.

तेव्हा भाव वाढवायचा असेल तर आधी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही तालुक्यांत, दोन सणांच्या मधल्या कोरड्या आठवड्यांत वाढवून बघा. सेल्सवाल्यांना तालुके निवडू देऊ नका. दिवाळीच्या फाइलीतून काढलेल्या आकड्यावर माझी सही मिळणार नाही.