मधेच परत येणाऱ्या बाईसाठी

आशाताईंच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची संहिता मी लिहिते आणि बोलतेही. पडद्यावर चाळीस नावं, कॅमेरे सगळे बंद. कुणी रेंज मिळावी म्हणून बांधावर उभी असते, कुणाच्या गॅसवर भाजी असते, कुणाच्या दारात तापलेलं मूल घेऊन आई आलेली असते. त्यामुळे मी एक गोष्ट धरूनच लिहायला बसते: ऐकणारी बाई माझ्या वाक्याच्या मधोमध परत येणार आहे.

ओआरएसच्या सत्राचा पहिला खर्डा मी वाचून पाहिला, तेव्हा त्यात जागोजागी ‘हे’ आणि ‘ते’ होतं. ‘हे चोवीस तासांत संपवावं.’ आत्ताच परत आलेल्या बाईला ‘हे’ म्हणजे काय ते कसं कळावं? मग ते वाक्य असं झालं: ‘लिटरभर पाण्यात कालवलेलं ओआरएस चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या.’ कागदावर अशी पुनरुक्ती खटकते. कानाला मात्र तीच लागते. आता दर दोन मिनिटांनी तरी नाम पुन्हा उच्चारलं गेलंय ना, हे मी पेन्सिलीने खुणा करून तपासते.

दुसरी खूण प्रश्नापाशी. ‘काही शंका?’ असं विचारलं की शांतताच येते, म्हणून ते मी काढूनच टाकलं. त्याऐवजी: ‘ओआरएसचं एक पाकीट किती पाण्यात? ग्लासभर असेल तर 1, लिटरभर असेल तर 2. चॅटमध्ये फक्त आकडा टाका.’ त्याखाली लाल शाईत: ‘मनात दहा मोज.’ माझा आवाज तिथं पोचायला, चॅट सापडायला, टाइप करायला वेळ लागतो. पूर्वी मी तीन मोजून पुढे बोलायला लागायचे आणि येऊ घातलेली उत्तरं तिथेच विरायची.

एकदा असं दहा मोजलं आणि अकरा जणींचा 1 आला. मी एका ताईंना आधी नावाने हाक मारली, त्यांचा माइक सुरू होईपर्यंत थांबले, मग विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, लेकरू लिटरभर कुठं पितंय? ग्लासात थोडी थोडी पावडर टाकतो.’

अडचण तिथे होती, आणि माझ्या संहितेत तिचा उल्लेखच नव्हता. चिमटीने पावडर घातली की प्रमाण दर वेळी बदलतं. दाट झालं तर मुलाच्या अंगात मीठ जास्त जातं, पातळ झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. मी झिंकच्या गोळ्यांचा भाग पुढच्या सत्रावर ढकलला आणि त्या जागी लिहिलं: ‘सगळं पाकीट एकदाच लिटरभर पाण्यात. पाजायचं मात्र चमच्याचमच्याने.’

पुढच्या गटाला मी विचारलं, लिटर मोजता कशाने? दहा मोजायच्या आतच उत्तरं यायला लागली: पाण्याची बाटली, दुधाचं माप, तांब्या. तांब्यापाशी मी थांबले. प्रत्येक घरचा तांब्या वेगळा.