बराखीपाशी चार दांड्या

बंगळुरू

प्रिय दादा,

बाळ आत्ताच झोपलंय, तेवढ्यात लिहून घेते. आजोबांनी पणतू पाहिला. मंचरहून इकडे यायला त्यांचे गुडघे तयार नाहीत आणि सव्वा महिना होईपर्यंत मला कुठे हलता येत नाही. काकाचा जुना फोन त्यांच्या हाती होता, म्हणून त्यावर फोनवरून सांगूनच व्हॉट्सॲप टाकून घ्यायचं ठरवलं. दोन दिवस लागले. कसं केलं ते सविस्तर सांगते, कारण पुढचा नंबर तुझा आहे.

लांबूनच त्यांच्या फोनचा ताबा घेणारं ॲप टाक आणि तूच सगळं कर, असं तू सुचवलं होतंस. ते मी मुद्दाम केलं नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊनच बँकांना सावध केलं होतं, कारण त्याच वाटेने लोकांची खाती रिकामी होत होती. फोनवर कुणीतरी सांगतंय म्हणून असं ॲप टाकायचं, ही सवय त्यांना माझ्याकडून लागायला नको होती.

पहिल्या संध्याकाळी आमचं गाडं फोन कानाला लावण्यापाशीच अडलं. मी म्हणायची, पडद्यावर बघा. ते बघायचे आणि म्हणायचे, "दिवा गेला गं." कानाजवळ काही आलं की पडदा आपोआप विझतो, गालाने बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून फोनच्या वरच्या कडेला तशी सोयच असते. फोन खाली घेताना त्यांचा अंगठा लाल खुणेवर पडायचा आणि फोन कटायचा. असं तीनदा झालं. शेवटी मी सांगितलं, आधी स्पीकर लावा, फोन ताटासारखा समोर धरा आणि खालचा गोल दाबा. गोल दाबला की माझा आवाज जाईल, ही त्यांची धास्ती होती. आवाज गेला नाही तेव्हा कुठे ते सैलावले.

त्याच वेळी माझी एक चूक माझ्या ध्यानात आली. "आता हे दाबा, आता ते दाबा" असं मी सांगत होते, पण ते कुठल्या पानावर आहेत हे मला दिसत कुठे होतं? मग मी सांगणं थांबवलं आणि विचारायला लागले. वरून खाली काय काय लिहिलंय, वाचा. तुला माहीतच आहे, बाजार समितीत त्यांनी मापाडी म्हणून जन्म काढला. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा हिशेब आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने पुकारायची त्यांची सवय आहे. इंग्रजी शब्द लागला नाही तरी अक्षरं एकेक करून बरोबर सांगतात. "आय, एन, एस, टी..." म्हणाले की मी समजायची, Install आलं.

प्ले स्टोअर उघडल्यावर शोधायच्या चौकटीत बोलून शोधता येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही, कारण माइक आमच्या फोनमध्येच गुंतलेला. मग wha ही तीन अक्षरं टाइप करून घेतली. खाली बरीच हिरवी चित्रं आली. एकात त्यांना B दिसला. ते दुकानदारांसाठीचं, तिथून मागे आणलं. नावाखाली बारीक अक्षरात WhatsApp LLC आहे का, एवढंच तपासायला सांगितलं. ते नसेल तर हात लावायचा नाही.

Install दाबलं आणि चक्र फिरतच राहिलं. वर दांड्यांशेजारी काय आहे म्हटल्यावर म्हणाले, "ई." म्हणजे फोन जुन्या २जीवर उतरला होता, आणि त्यावर बोलणं चालू असेपर्यंत इंटरनेट थांबून राहतं. आपल्या घराच्या जाड भिंती तुला ठाऊक आहेत. कांद्याच्या बराखीपाशी चार दांड्या आणि 4G दिसतं, तिथे बोलणं आणि इंटरनेट दोन्ही एकदम चालतं. पण अंधार पडला होता आणि उसातला बिबट्या परवाच वस्तीवर येऊन गेला होता. मीच म्हटलं, आता बाहेर पडायचं नाही, सकाळी करू.

सकाळी बराखीपाशी खाट टाकून बसले आणि दोन-तीन मिनिटांत ॲप उतरलं. नंबर टाकला, सहा आकडी कोडचा मेसेज आला. काट्यावरचा आकडा पुकारावा तसे ते मोठ्याने वाचायलाच लागले. मी ओरडले, "आजोबा, नका वाचू! मलासुद्धा सांगायचा नाही." ते दचकले. "अगं, तू तर घरची." मी म्हटलं, घरचीच म्हणून सांगते, हा आकडा ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमचं खातं. उद्या माझ्यासारखा आवाज काढून कुणी मागितला तरी द्यायचा नाही. ते जरा वेळ गप्प राहिले. मग खिशातल्या जुन्या पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा उतरवला, एकेक आकडा बघून चौकटीत भरला आणि पावती फाडून टाकली. फाडल्याचा आवाज मला ऐकू आला.

नंतर एक खोट आली, ती तुझ्याही उपयोगाची आहे. कॅमेरा वापरू का, असं फोनने विचारल्यावर त्यांनी घाबरून दोन्ही वेळा "नको" दाबलं. दोनदा नको म्हटलं की नव्या अँड्रॉइडमध्ये फोन पुन्हा विचारतच नाही, आणि समोरच्याला चित्र दिसत नाही. मग हिरव्या चित्रावर बोट दाबून धरायचं, App info मध्ये जायचं, Permissions मध्ये Camera उघडून Allow करायचं. माइकचंही तिथेच बघून घेतलं.

आता तुझं काम. आजोबांच्या वहीत आत्याने तुझा जर्मनीचा नंबर तिकडच्यासारखाच शून्यापासून लिहिलाय. तसा साठवला तर तू यादीत येणारच नाहीस. पुढचं शून्य काढून +49 लावायचं. तू त्यांना एक मेसेज टाक, मी त्यावरून साठवून घेते. आणि तुझ्याकडे उन्हाळा आहे तोवर तुझ्या दुपारी बाराला लावत जा. इथे साडेतीन वाजलेले असतात, भरपूर उजेड असतो आणि त्यांना बराखीपाशी निवांत बसता येतं.

शेवटची पायरी मात्र त्यांची त्यांनीच करायची होती. साधा फोन चालू असताना व्हिडिओ कॉल लागत नाही. म्हणून म्हटलं, मी फोन ठेवते, मीच लावते, हिरवी खूण वर सरकवा. ठेवला. लावला. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा आधी बराखीचे वासे दिसले, मग आभाळ, मग टोपी आणि मग आजोबा.

मी बाळ पुढे केलं. ते काही बोललेच नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जावळ दाट आहे. जरा उजेडाकडं धर." मी खिडकीशी नेलं. तेवढ्यात बाळाने हातपाय झाडले, रडायला लागलं आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे चित्र अडकलं. रेंज कमी झाली की ॲप आधी चित्राचा बळी देतं. आवाजाला थोडंच इंटरनेट पुरतं, म्हणून तो चालू राहतो. माझ्याकडून मात्र त्या घडीला आवाजही गेला असावा, कारण रडणं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांच्या पडद्यावर खिडकीतल्या उजेडात डोळे मिटलेलं बाळ तसंच थांबलं होतं.

"झोपलं वाटतं," ते कुजबुजले. आणि मग चांगली पाच मिनिटं त्याची झोप मोडू नये म्हणून दबक्या आवाजात बोलत राहिले. नाव काय ठेवायचं, अंगाला तेल कुठलं लावतेस, मंचरला कधी आणतेस. मी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होते आणि मीही कुजबुजतच उत्तरं देत होते.

तुझी,
छोटी