चुकलेला आकडा, नेमका अर्ज

खाते क्रमांकात ४७ ऐवजी ७४ पडले आणि एनईएफटीने २५,००० रुपये भलत्याच खात्यात गेले, तर अर्ज आपल्याच बँकेकडे करायचा. समोरच्या बँकेशी आपला व्यवहार नसतो. पैसे परत मागण्याचा संदेश आपली बँकच पाठवते. ‘चुकून पैसे गेले’ एवढ्यावर तिला व्यवहार सापडत नाही. तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर क्रमांक, पैसे गेले तो खाते क्रमांक व आयएफएससी आणि ज्यात जायला हवे होते तो क्रमांक, सगळे लेखी द्यावे. शेजारी मांडलेले दोन क्रमांकच चूक दाखवून देतात.

कोणी म्हणेल, नाव जुळत नसताना बँकेने पैसे जमा केलेच कसे? एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते. मग बँक ते परस्पर काढून का घेत नाही? तसे झाले, तर माल घेऊनही ‘चुकून पाठवले’ म्हणता येईल. म्हणून खातेदाराची संमती लागते. ती मिळाली नाही, तरी चुकून मिळालेले पैसे परत करण्याचे बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ने घातले आहे. पुढे दाव्यात हाच तपशीलवार अर्ज आणि त्याची पोच पुरावा ठरतात.